लहान मुलाचं रक्त टाचेतून किंवा बोटातून घेताना: जागा, थेंब आणि पिळण्याची चूक

लॅन्सेट लागतं, मूल ताठ होऊन किंचाळतं, थेंब मात्र मोहरीएवढाच येऊन थांबतो. आई तुमच्याकडे बघत असते, मागे रांग असते, आणि तुमचा अंगठा नकळत त्या इवल्या बोटाच्या टोकावर घट्ट बसतो. नमुना बिघडतो तो याच क्षणी. यंत्र आकडा दाखवतं, रिपोर्ट छापला जातो, पण त्या आकड्यात रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही मिसळलेलं असतं.

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात किंवा गावातल्या लहान लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्या टेक्निशियन आणि सिस्टरांसाठी हे लिहिलं आहे. पिळावं लागतं, कारण टोचण्याआधी काहीतरी राहून गेलेलं असतं: हात गार असतो, जागा चुकलेली असते किंवा लॅन्सेट मुलाच्या मापाचं नसतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत टोचण्याआधीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

१. मूल मांडीवर येण्याआधी सामान मांडून ठेवा

टोचल्यावर हातात फार तर दोनेक मिनिटं असतात. मग जखमेवर रक्त धरू लागतं. त्या वेळात क्युव्हेटचं पाकीट फोडत बसलात तर थेंब वाया जातो आणि दुसऱ्या थेंबासाठी पिळावं लागतं. त्यामुळे हे सगळं उघडून, उजव्या हाताशी ठेवा:

- हातमोजे, स्पिरिटचा कापूस, कोरडा निर्जंतुक गॉझ
- एकदा वापरून आपोआप आत जाणारं लॅन्सेट, मुलाच्या वयाच्या मापाचं
- तपासणीप्रमाणे क्युव्हेट, स्ट्रिप, काचेच्या स्लाइड किंवा जांभळ्या झाकणाची ईडीटीए मायक्रोट्यूब
- कोमट पाणी आणि स्वच्छ मऊ फडकं
- पेन, लेबल आणि टोचून भोक न पडणारा पांढरा डबा

सिरिंजची सुई किंवा सुटं ब्लेड लॅन्सेट म्हणून वापरू नका. ते किती खोल जाईल याला काहीच धरबंध नसतो.

नाव आधी पक्कं करा. आपल्या सीमाभागात तायी कार्डावर नाव कन्नडमध्ये असतं, आई मराठीत घरचं नाव सांगते आणि नमुन्याच्या पट्टीवर तिसरंच काहीतरी लिहिलं जातं. तान्ह्या बाळाला तर पुष्कळदा नावच ठेवलेलं नसतं. आईचं नाव, बाळाची जन्मतारीख आणि कार्डाचा नंबर या तिन्ही गोष्टी जुळवूनच पुढे जा.

२. टाच की बोट

जन्मापासून साधारण सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे वजन ३ ते १० किलोच्या दरम्यान असताना, टाच. सहा महिने उलटले आणि वजन १० किलोच्या वर गेलं की बोट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात हीच विभागणी आहे.

यामागचं कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. तान्ह्या बाळाच्या बोटात कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस फारच थोडं असतं. लॅन्सेट हाडाला लागलं तर हाडात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तो एका थेंबाच्या बदल्यात फार महाग पडतो. टाचेच्या कडांना मात्र या वयातही मांसल गादी असते. उलट मूल चालायला लागलं की टाचेची कातडी जाड होते आणि तिथून धार येत नाही.

अडचण होते ती मधल्या मुलांची. दहा महिन्यांचं आहे, पण वजन सात किलोच. आपल्याकडे अशी मुलं पुष्कळ येतात. ते अजून चाललेलं नसेल आणि टाच मऊ असेल तर टाच घ्यावी. चालत असेल तर बोट, तेही १.५ मिलिमीटरच्या लॅन्सेटनेच. शंका असेल तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा.

काही तपासण्यांसाठी टोचून घेतलेलं रक्त चालतच नाही. ब्लड कल्चर, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि ईएसआर यांना शिरेतूनच रक्त घ्यावं लागतं. मूल कोरडं पडलेलं असेल, हातपाय गार आणि निळसर असतील, तर टाचेतल्या किंवा बोटातल्या थेंबावर भरवसा ठेवू नका. तिथे रक्तच नीट पोचत नसतं.

३. नेमकी जागा

टाचेसाठी दोन रेघा मनात आखा. एक पायाच्या अंगठ्याच्या मध्यापासून सरळ मागे टाचेकडे. दुसरी चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या मधल्या फटीतून सरळ मागे. तळव्याच्या बाजूला, या रेघांच्या बाहेर टाचेच्या ज्या दोन कडा उरतात, त्या आपल्या. दोन रेघांच्या मध्ये टोचायचं नाही, कारण खाली टाचेचं हाड आहे. टाचेच्या मागच्या गोलाईवर तर अजिबात नाही, कारण तिथे हाड कातडीच्या अगदी जवळ असतं. तळव्याच्या खोलगट भागात नसा आणि शिरा असतात, तोही भाग सोडा.

बोटात मधलं किंवा अनामिका, शक्यतो ज्या हाताने मूल कमी काम करतं त्या हाताचं. टोचायचं शेवटच्या पेराच्या गादीवर, मध्यापासून किंचित बाजूला. अगदी टोकाला नको आणि पूर्ण कडेलाही नको. करंगळीत मांस कमी असतं, अंगठा आणि तर्जनीची कातडी जाड असते. बोटावरच्या ठशाच्या रेघांना आडवं टोचा. रेघांच्या दिशेने टोचलं तर रक्त त्या खाचांतून पसरतं, थेंब गोल उभा राहत नाही, आणि तो गोळा करायला माणूस पुन्हा पिळायला लागतो.

सुजलेली, लाल झालेली किंवा आधी टोचलेली जागा घेऊ नका. बाळाच्या पायात वाळे किंवा काळा दोरा असेल तर तो सैल आहे का ते बघा. घोट्यावर रुतलेला दोरा तसाच ठेवून पाय धरला तर खालचं रक्त अडतं. आईला सांगा, ती स्वतः वर सरकवते.

४. आधी ऊब, मग स्पिरिट

डिसेंबर-जानेवारीत बेळगाव भागात सकाळी नऊ वाजताही लहान मुलांचे हात गारठलेले असतात. खानापूरकडे पावसाळ्यात ओल्या कपड्यांत आलेल्या मुलांचंही तेच. गार बोटात रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. अशा बोटाला टोचलं की पिळणं ठरलेलंच.

फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि टाचेला किंवा हाताला तीन ते पाच मिनिटं गुंडाळून ठेवा. पाणी ४२ अंश सेल्सिअसच्या वर नको. थर्मामीटर नसेल तर आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला फडकं लावून बघा, चटका बसायला नको. बंबातलं कढत पाणी, चुलीची धग, गरम पाण्याची पिशवी यांतलं काहीही वापरू नका. तान्ह्या बाळाची कातडी फार लवकर भाजते. ऊब दिल्यावर बोट गुलाबी दिसायला लागलं की अर्धं काम झालं.

मग जागा धुऊन घ्या. आपल्याकडे बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालतात. टाचेला तेलाचा ओशटपणा असेल तर थेंब गोल न राहता पसरतो, म्हणून आधी कोमट पाण्याने आणि साबणाने पुसून कोरडं करा. मोठ्या मुलाची साखर तपासायची असेल तर हात धुणं आणखी महत्त्वाचं आहे. गुऱ्हाळाच्या दिवसांत मूल काकवी किंवा गूळ खाऊन आलं असेल तर बोटावरची ती चिकट साखर थेंबात मिसळते आणि ग्लुकोमीटर खोटा, मोठा आकडा दाखवतो. स्पिरिटच्या कापसाने ती पूर्ण निघत नाही, पाणी हवं.

शेवटी स्पिरिट लावा आणि ते वाऱ्यावर वाळू द्या, निदान ३० सेकंद. फुंकर मारू नका. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर जळजळ होते, लाल पेशी फुटतात आणि थेंब पसरतो.

५. टोचणं

मूल आईच्या मांडीवर, हात किंवा पाय छातीच्या पातळीपेक्षा खाली. तान्ह्या बाळाला एकदोन मिनिटं आधीच अंगावर घ्यायला सांगा. दूध पिताना त्याला कमी दुखतं आणि पायही कमी झटकतो. आईला दोन शब्दांत सांगा काय होणार आहे ते. कन्नड बोलणाऱ्या आईच्या मुलाला "अळबेड" म्हणून थोपटलं तरी आई निवांत होते, आणि आई निवांत असली की तिची पकड स्थिर राहते.

लॅन्सेट कातडीवर नुसतं टेकवा. जोरात रुतवून दाबलं तर पातं ठरल्यापेक्षा खोल जातं. खोलीची मर्यादा अशी: अपुऱ्या दिवसांच्या, तीन किलोपर्यंतच्या बाळाच्या टाचेत ०.८५ मिलिमीटर, पूर्ण दिवसांच्या बाळाच्या टाचेत जास्तीत जास्त २ मिलिमीटर, आणि सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाच्या बोटात १.५ मिलिमीटर. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांच्या बोटातही २.४ मिलिमीटरच्या पलीकडे जायचं नाही.

पहिला थेंब कोरड्या गॉझने पुसून टाका. त्यात फुटलेल्या पेशींचा रस आणि स्पिरिटचा अंश असतो. त्या रसाने प्लेटलेट एकमेकींना चिकटू लागतात आणि रक्त लवकर धरतं. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत कितवा थेंब घ्यायचा ते लिहिलेलं असतं. त्याप्रमाणेच रोज, प्रत्येक मुलाला, तोच थेंब घ्या.

६. दाबणं आणि पिळणं यांतला फरक

थेंबासाठी हलका दाब द्यावाच लागतो. प्रश्न आहे तो दाब कुठे आणि कसा द्यायचा हा.

टाचेसाठी तुमची तर्जनी बाळाच्या पावलाच्या पुढच्या भागाखाली आणि अंगठा घोट्यामागे ठेवून पाय धरा. अंगठ्याने टोचलेल्या जागेपासून लांबून हलकं दाबा, थेंब आला की पकड सैल करा आणि दोन-तीन सेकंद थांबा. तेवढ्यात वाहिन्या पुन्हा भरतात. मग पुन्हा दाब. बोटात हाच दाब बोटाच्या मुळाशी, तळहाताजवळ द्यायचा. दाबा, सोडा, थांबा. यातलं सोडणं आणि थांबणं नवे लोक विसरतात आणि धरलेलं बोट शेवटपर्यंत सोडतच नाहीत.

पिळणं म्हणजे शेवटचं पेर चिमटीत धरून टोकाकडे रगडणं, किंवा उसाच्या कांड्यासारखं मुळापासून टोकापर्यंत ओढत नेणं. यातून तीन गोष्टी घडतात.

पहिली, पेशींभोवतालचं पाणी थेंबात येतं. थेंब मोठा दिसतो पण पातळ असतो, आणि हिमोग्लोबिन खरं असेल त्यापेक्षा कमी येतं. डोळ्याने ओळखायचं तर असा थेंब फिकट, पाणचट दिसतो. फडक्यावर टिपला तर लाल डागाभोवती पिवळसर कडा उमटते.

दुसरी, लाल पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, ते बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं दिसतं. नळी फिरवल्यावर वरचं पाणी पिवळं न दिसता गुलाबी किंवा लाल दिसलं तर पेशी फुटल्यात असं समजा आणि त्या नमुन्यावर पोटॅशियम देऊ नका.

तिसरी, रक्त नळीत पोचायच्या आधीच बारीक गाठी धरतात आणि प्लेटलेट त्यांत अडकतात. यंत्राला गाठ मोजता येत नाही, म्हणून प्लेटलेटचा आकडा कोसळतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाची मुलं येतात तेव्हा याची किंमत मोठी असते. पिळून भरलेल्या मायक्रोट्यूबमधून ६०,००० प्लेटलेट आल्या की घरचे लोक रात्रीच गाडी करून बेळगावला निघतात. आकडा कळवण्याआधी लाकडी काडीने नळीत गाठ लागते का बघा आणि स्लाइड रंगवून तिच्या कडेला प्लेटलेटचे घोस दिसतात का तपासा. घोस दिसले तर तो आकडा द्यायचा नाही, शिरेतून नवा नमुना मागवायचा. घोस नसतील तर मात्र आकडा खरा धरून लगेच डॉक्टरांना कळवा.

दोन मिनिटांत पुरेसं रक्त आलं नाही तर थांबा. दुसऱ्या जागी, नव्या लॅन्सेटने एकदाच प्रयत्न करा. एका मुलाला दोनपेक्षा जास्त वेळा टोचू नये. त्यानंतर शिरेतून घेणाऱ्या अनुभवी माणसाला बोलवा.

७. किती रक्त लागतं

ग्लुकोमीटरला एका थेंबाचा लहानसा अंश पुरतो. हिमोग्लोबिनच्या क्युव्हेटला साधारण १० मायक्रोलिटर, साहलीच्या नळीला २० मायक्रोलिटर. म्हणजे दोन्हींना एक भरदार थेंब पुरे. क्युव्हेटचं टोक थेंबाच्या मध्यात लावा आणि एका दमात भरू द्या. अर्धी भरली म्हणून दुसऱ्या थेंबाने पूर्ण करू नका. आत हवेचा बुडबुडा दिसला तर ती टाकून नवी घ्या. बाहेरून लागलेलं रक्त पुसा, पण गॉझ उघड्या तोंडाला लावू नका, तो आतलं रक्त शोषून घेतो.

मायक्रोट्यूबला २५० ते ५०० मायक्रोलिटर लागतं, नळीवर दोन रेघा असतात त्यांच्या मध्ये. कमी भरलं तर ईडीटीए प्रमाणाबाहेर होऊन लाल पेशी आकसतात, जास्त भरलं तर रक्त गोठतं. थेंब नळीच्या तोंडाला आपसूक टेकू द्या आणि खाली घरंगळू द्या. कातडीवरून खरवडून गोळा करू नका. दर दोन-तीन थेंबांनी नळी बोटाने हलकी टिचकवा आणि भरल्यावर झाकण लावून आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा. जोराने हलवली तर पेशी फुटतात.

एकाच टोचण्यातून दोन नळ्या भरायच्या असतील तर ईडीटीए आधी आणि सीरमची नळी शेवटी. शिरेतून घेताना क्रम याच्या उलट असतो, म्हणून सवयीने चूक होते. इथे गोठणं लगेच सुरू होतं, त्यामुळे जिथे गाठ चालत नाही ती नळी पहिली.

८. एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा जानेवारीतली सकाळ आहे. खानापूर तालुक्यातल्या केंद्रात १६ महिन्यांची मुलगी हिमोग्लोबिनसाठी आली. वजन १०.२ किलो, चालते, म्हणजे बोट. हात गार आहेत. घाईत ऊब न देता अनामिकेला टोचलं, थेंब बारीक आला, पेर चिमटीत धरून मोठा केला, क्युव्हेट भरली. आकडा आला ६.८.

ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ७ च्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया आणि ७ ते ९.९ म्हणजे मध्यम. तीव्र असेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. आईला उसाची तोडणी सोडून मुलीला घेऊन बेळगाव गाठावं लागेल. मध्यम असेल तर लोहाचं सिरप देऊन गावातच पाठपुरावा होतो. या दोन दशांशांवर इतकं अवलंबून आहे.

इथे काय करावं? आधी मुलीकडे बघा. श्वास जलद आहे का, तळहात पांढरेफटक आहेत का, ती मलूल आहे का. यातलं काही असेल तर आकड्याचा वाद न घालता तिला ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. ती खेळती असेल तर दुसऱ्या हाताला पाच मिनिटं ऊब द्या, मधल्या बोटाला टोचा, पहिला थेंब पुसा, बोटाच्या मुळाशी दाबत-सोडत थेंब आपसूक वाढू द्या. आता समजा आकडा ७.९ आला.

यातला कुठला खरा? दुसरा नमुना नीट घेतलेला आहे, म्हणून तो जास्त भरवशाचा. पण एकाच बोटाच्या लागोपाठच्या दोन थेंबांतही हिमोग्लोबिन तंतोतंत सारखं येत नाही, त्यामुळे ७ च्या इतक्या जवळ असताना शिरेतून नमुना घेऊन खात्री करणं योग्य. दोन्ही आकडे, दोन्ही बोटं आणि पहिला नमुना पिळून घेतला होता हे नोंदवहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. आवडता आकडा येईपर्यंत टोचत राहणं आणि फक्त तोच लिहिणं हा त्या मुलीवर अन्याय आहे.

तान्ह्या बाळाच्या टाचेत चूक उलट दिशेनेही होते. नवजात बाळाच्या टाचेतलं हिमोग्लोबिन शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त येतं, टाच गार असेल तर आणखी जास्त. म्हणून रक्त फार घट्ट आहे असा आकडा आला तर उपचाराआधी शिरेतून तपासून घ्यावं.

९. रक्त थांबवणं आणि आवराआवर

कोरडा गॉझ जागेवर धरून रक्त थांबेपर्यंत दाबा. टाच असेल तर पाय थोडा वर उचला. दोन वर्षांखालच्या मुलाला चिकटपट्टी लावू नका. ती सुटते, तोंडात जाते आणि घशात अडकू शकते. आईला घरी गेल्यावर जागेवर हळद किंवा चुना भरू नका असं स्पष्ट सांगा. नुसतं कोरडं ठेवायचं, आणि सूज, लाली किंवा पू दिसला तर परत आणायचं.

लॅन्सेट लगेच पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. लेबल मूल समोर असतानाच लावा आणि त्यावर वेळ लिहा. नमुन्यासोबतच्या कागदावर टाचेतून की बोटातून हेही लिहा, म्हणजे पुढे कुणी हा आकडा शिरेतल्या रिपोर्टशी ताडून बघेल तेव्हा त्याला फरकाचं कारण कळेल.